सावनेरच्या काकांच्या दातांतले काळे त्रिकोण

दात साफ करून घेतले की ते ढिले होतात आणि त्यांच्यात फटी पडतात, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही भांडते. लग्नाच्या पंगतीत भांडते, एस.टी.त भांडते, एकदा तर सांत्वनाला गेले होते तिथेही भांडले. घरची माणसं हल्ली विषय दातांकडे वळतोय असं दिसलं की घाईने पावसापाण्याचं विचारतात. पण या एका समजुतीने एकदा माझ्या आयुष्याचा घोळ होता होता राहिला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा चूक समजुतीची नव्हती, माझी होती.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. दातांची डॉक्टर होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मी धरमपेठेत एका सायकलच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर असलेल्या दवाखान्यात सरांच्या हाताखाली काम करत होते. सर हिरड्यांचे तज्ज्ञ. त्या काळात नागपुरात दात दुखला की लोक तो काढायलाच येत. सर म्हणत, "दात उपटायला जोर लागतो, हिरडी वाचवायला अक्कल लागते." हे ते पेशंटसमोरच म्हणत, त्यामुळे पेशंट आपोआप आपल्याला अक्कलवान समजून उपचाराला तयार होत.

सरांचा एक नियम होता. हिरड्यांचा उपचार सुरू करण्याआधी पेशंटच्या हातात आरसा द्यायचा आणि सांगायचं, "ही सूज उतरली की दात लांब दिसतील. दोन दातांच्या मध्ये, हिरडीपाशी, काळ्या त्रिकोणी फटी दिसतील. त्या आम्ही पाडत नाही. त्या आजही आहेत, सूज आणि कीटण यांनी बुजल्यात." कीटण म्हणजे दातांवर थापून बसलेला तो दगडी थर. एवढं सांगून झालं की पेशंटकडून ते परत म्हणवून घ्यायचं. मी पाढे म्हटल्यासारखं ते रोज म्हणत असे. ऐकल्यावर दहातले दोन-तीन पेशंट "उद्या येतो" म्हणून उठत आणि त्यांचा उद्या कधीच उजाडत नसे. सर म्हणत, जाऊ दे, नंतर शिव्या देण्यापेक्षा आधी गेलेला बरा.

त्याच सुमारास एक मुलगा अक्कलदाढ काढायला आला. सरकारी खात्यात पूल बांधणारा इंजिनिअर. पूल बांधणारा माणूस इंजेक्शनची सुई पाहून खुर्चीत इतका आक्रसला की मला हसू आवरेना. दाढ निघाली, एक टाका घातला. तो टाका दाखवायला तो तीनदा आला. टाका एक, खेपा तीन. चौथ्यांदा आला तेव्हा टाका काढून आठवडा झाला होता, आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्याने घरी सांगितलं. आई लगेच तयार झाली. वडील म्हणाले, "बघू." हे वडील म्हणजे निवृत्त मराठीचे मास्तर. चाळीस वर्षं शिकवलेलं, जिल्ह्यातल्या पाठांतर स्पर्धांचे कायमचे परीक्षक. 'श' आणि 'ष' सारखाच म्हणणाऱ्या पोराचे ते दोन गुण कापत, मग तो कलेक्टरचा का असेना. "बघू म्हणाले म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही," मुलगा म्हणाला. "ते आता स्वतः खात्री करतील."

खात्री कशी करतील ते त्यालाही माहीत नव्हतं.

आठवडाभराने दुपारी एक गृहस्थ आले. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. मी केस पेपर पुढे ओढला. म्हणाले, "मी सावनेरचा. कापसाचा व्यापार आहे. हिरड्यांतून रक्त येतं." बोलणं इतकं शुद्ध आणि स्वच्छ, की कापसाच्या व्यापाऱ्याचं असं बोलणं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. पण तेवढ्यावरून काही कळलं नाही. कळलं ते त्यांनी आ केल्यावर.

माणसं चेहरा लपवतात, नाव लपवतात, गाव लपवतात. दात लपवता येत नाहीत. त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या उजवीकडचा दात थोडा आत वळलेला होता, दारात उभं राहून आत यावं की नाही असं ठरवत असलेल्या पाहुण्यासारखा. तसाच, त्याच बाजूचा, तितकाच वळलेला दात मी चार खेपांमध्ये अगदी जवळून पाहिला होता. बाकीचे दातही तसेच: टोकाला रुंद, हिरडीकडे निमुळते. माझे होणारे सासरे माझ्या खुर्चीत आ वासून बसले होते आणि सावनेरचे व्यापारी म्हणून माझी परीक्षा घेत होते.

मीही काही कमी नव्हते. चेहरा कोरा ठेवून विचारलं, "काका, सावनेरला या वर्षी कापूस कसा?"

"उत्तम," ते म्हणाले, आणि घाईने पुन्हा आ केला.

तपासणी मात्र मी चोख केली. टोक बोथट असलेली, मिलिमीटरच्या खुणा केलेली सळई प्रत्येक दात आणि हिरडीच्या मध्ये सोडून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती थोडीशीच जाते. यांच्या वरच्या पुढच्या दातांपाशी आत आत जात होती आणि काढली की रक्त. हिरड्या जांभळट, फुगलेल्या. कीटण एवढं की खालचे दात मागून एकसंध भिंत झाले होते. एक्स-रे काढला. त्यात दातांमधलं हाड, जे जवळजवळ दाताच्या मानेपर्यंत असायला हवं, ते बरंच मागे हटलेलं. म्हणजे वर्षानुवर्षं आग आतून धुमसत होती. सवय विचारली तर म्हणाले, मिसरीनेच घासतो आणि जेवल्यावर काडी करतो. काडी म्हणजे आगपेटीची.

मग मी आरसा उचलला. पाढा जिभेवर आला. सूज उतरली की दात लांब दिसतील, काळ्या त्रिकोणी फटी दिसतील.

आणि मी थांबले. हे ऐकून हा माणूस उठला तर? 'उद्या येतो' म्हणाला तर? एरवी जाणारा पेशंट एकटा जात असे. हा जाताना माझं लग्न सोबत घेऊन गेला असता. मनात म्हटलं, कदाचित फार दिसणार नाहीत. कदाचित यांच्या लक्षातही येणार नाहीत. जो माणूस 'श' आणि 'ष' मधला फरक चाळीस वर्षं ऐकत आला त्याच्या स्वतःच्या दातांतली फट त्याच्या लक्षात येणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. प्रेमात माणसाची बुद्धी कुठे चरायला जाते देव जाणे.

आरसा खाली ठेवला आणि म्हटलं, "काळजी करू नका काका. हिरड्या अगदी छान होतील."

संध्याकाळी सरांनी केस पेपर पाहिला. "हाड बरंच गेलंय. फटींचं सांगितलंस?"

"हो सर," मी म्हणाले.

पुढचे चार आठवडे काका दर मंगळवारी आले. मी तोंडाचा एकेक कोपरा बधिर करून, हिरडीच्या आत शिरणाऱ्या बाकदार उपकरणांनी मुळांवरचं कीटण खरवडून काढलं. हात इतका जपून चालवला की ते दुसऱ्या खेपेला खुर्चीत चक्क घोरले. ब्रश कसा धरायचा, कसा फिरवायचा ते शिकवलं. मिसरी आणि आगपेटीची काडी सोडवली. चौथ्या मंगळवारी जाताना म्हणाले, "तुमच्या हाताला गुण आहे." मी मान खाली घालून लाजले. पेशंटने हाताची तारीफ केली म्हणून डॉक्टर लाजत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं असणार.

आणि मग ते आलेच नाहीत.

दीड महिन्याने मुलगा आला. चेहरा पडलेला. जिन्यातच उभा राहून म्हणाला, "सगळं फिसकटलं. बाबा बोलत नाहीत."

"कोणाशी?"

"कोणाशीच नाही. पंधरा दिवस झाले. आई विचारते, मुलीकडे काय कळवू, तर असा हात करतात." त्याने माशी हाकलावी तसा हात केला. "जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसतात. जन्मात कधी गप्प न बसलेला माणूस! आई म्हणते, एवढा राग म्हणजे नकारच समज. परवा मामा समजवायला आला, तर पाटीवर लिहून दाखवलं, 'विचार चालू आहे.'"

मला हसू आलं. सगळ्या नागपुरात मला एकटीला माहीत होतं की हा राग नाही. सूज उतरली होती. हिरड्या जागेवर बसल्या होत्या. आणि तो गृहस्थ तोंड उघडेना, कारण उघडलं तर बायको विचारणार, दातांना काय झालं. आणि मग चोरून मुलगी तपासायला गेलो होतो हे सांगावं लागणार. मी मुलाला काही सांगू शकत नव्हते. पेशंटच्या तोंडातलं दवाखान्याच्या बाहेर न्यायचं नाही, हा सरांचा दुसरा नियम. आणि पहिला नियम मी मोडला नसता तर दुसऱ्याची वेळच आली नसती.

"थोडे दिवस थांब," एवढंच म्हणाले. त्याला ते धीर देण्यासारखं वाटलं नाही.

दोन दिवसांनी काका आले. एप्रिलचं ऊन, आमच्या नागपुरात तेव्हा निम्मं शहर डोकं-कान-नाक दुपट्ट्याने गुंडाळून फिरतं, त्यामुळे त्यांच्या तोंडावरच्या दुपट्ट्याचं कोणाला नवल वाटलं नसेल. खुर्चीत बसले, दुपट्टा सोडला आणि दात विचकले.

मला आधी डॉक्टर म्हणून आनंदच झाला, हे कबूल करते. रक्ताचा टिपूस नाही, हिरडी दाताला घट्ट धरून बसलेली, सूज नावाला नाही. असा निकाल पुस्तकात छापावा. फक्त वरच्या पुढच्या सहा दातांच्या मध्ये पाच काळे त्रिकोण उभे होते.

"पाहा," ते म्हणाले, आणि शुद्ध मराठी तिथेच संपली. "काहून वं डॉक्टरबाई, तुमी माह्या दाताइले कानस लावली काय? दोन दाताच्या मंधातून उजेड दिसून राहिला! 'स' म्हटलं का शिट्टी वाजते, अन् समोरच्याच्या अंगावर थुकी उडते! चाळीस वर्षं पोराइले उच्चार शिकवले म्या, अन् आता..." ते एकदम थांबले. "म्हणजे, गाठी मोजणाऱ्या पोराइले. कापसाच्या."

"हो, कळलं," मी म्हणाले.

शिट्टी खरंच वाजत होती. 'उजेड दिसून' मधल्या 'स'लाही वाजली. एरवी मी खिदळले असते. त्या दिवशी रडू येत होतं.

मी त्यांचा जुना एक्स-रे दिव्यासमोर धरला. "हा पहिल्या दिवसाचा आहे, काका. मी हात लावायच्या आधीचा. हे दात. हे मधलं हाड. ते इथवर असायला हवं होतं, इथे आहे. दोन दातांमधली हिरडी या हाडाच्या आधाराने उभी असते, मांडवाचं कापड खांबावर असतं तशी. खांब खचला तरी तुमचं कापड वर दिसत होतं, कारण आत सूज भरली होती. सूज गेली आणि ते खांबावर येऊन बसलं. फट कानशीने नाही पडली. हाड गेलं तेव्हाच पडली होती. शिवाय तुमचे दात खाली रुंद आणि वर निमुळते. एकमेकांना टोकाशीच भेटतात. म्हणून त्रिकोण मोठा दिसतो."

त्यांनी एक्स-रे माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दिव्यासमोर धरला. चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस; पुरावा समोर आल्यावर तो मानत असे, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "हे मले पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"राहून गेलं," मी म्हणाले. अर्धं खोटं पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त टोचतं.

आवाज ऐकून सर पडदा सारून आत आले. एका नजरेत सगळं ओळखलं. पेशंटकडे वळून शांतपणे म्हणाले, "फटी दिसतील हे हिने तुम्हाला आधी सांगितलं होतं ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

मी मान वर केली तेव्हा ते पुन्हा एक्स-रे पाहत होते. आणि मी, मूर्ख, गप्प बसले.

सरांनी मग काय करता येईल ते उलगडून सांगितलं. ही हिरडी परत वाढवायची शस्त्रक्रिया? "करून पाहणारे आहेत, पण खाली हाड नाही तर टिकेल याची हमी मी देणार नाही." दात तारेने ओढून जवळ आणायचे, मधल्या कडा थोड्या घासून? तरुण, धडधाकट हाडाच्या माणसाला ते जमतं. यांच्या दातांना आधारच कमी, शिवाय वर्ष-दीड वर्ष जाणार. दातांच्या रंगाचा मसाला लावून दात रुंद करायचे? लहान फटीला छान. इतक्या मोठ्या पाच फटींना लावला तर दात फावड्यासारखे दिसतील आणि हिरडीपाशी घाण साठेल. काहीच न करता लहान ब्रशने फटी साफ ठेवल्या तरी तब्येतीला धोका नाही. "दिसतं ते वाईट आहे, आजार नाही," सर म्हणाले.

"शिट्टीचं काय?"

"त्यासाठी खोटी हिरडी. पातळ पट्टी, ओठाच्या बाजूने दातांच्या वर बसवायची. काढता-घालता येते. फट झाकते, हवाही अडवते."

"किती दिवसांत?" काकांनी विचारलं. "मले एक महत्त्वाचं उत्तर द्यायचं आहे एका ठिकाणी. बोलून."

काय उत्तर, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर हात धूत होते तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं: मी आरसा ठेवून दिला होता, त्यांच्याशी खोटं बोलले होते, आणि पेशंटने मला झाकलं होतं. तो पेशंट कोण, तेही. सर ओरडले नाहीत. हात पुसता पुसता म्हणाले, "एक महिना नवा पेशंट तुझ्याकडे येणार नाही. तू फक्त माझ्या पेशंटना आरसा द्यायचास आणि ते वाक्य म्हणायचं." महिनाभर मी तेच केलं. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईंनाही ते वाक्य पाठ झालं.

पट्टीचं माप घेताना फटींमध्ये जिभेच्या बाजूने मेण भरलं, नाहीतर मापाचा लगदा पलीकडे जाऊन अडकला असता. काकांना वाटलं मेणच कायमचं राहणार, "शिट्टी गेली!" म्हणून खूश झाले आणि मी ते काढल्यावर हिरमुसले. माप घेऊन मी जरीपटक्याला मेकॅनिककडे गेले. हा माणूस कवळ्या बनवायचा आणि डॉक्टरांपेक्षा स्वतःला दोन बोटं वरचा समजायचा, बहुधा बरोबरच. त्याने गुलाबी पावडरीचा डबा उघडला, मी सांगितलेला काकांच्या हिरडीचा रंग ऐकला, आणि डबा बंद केला.

"म्याडम, हा रंग तं मेमसाहेबाच्या हिरडीचा आहे. इलायतेतून येते. आपल्या मानसाची हिरडी तांबूस, जांभळी, मधात काळे ठिपके. हा लावला तं बुढ्याच्या तोंडात गुलाबजाम ठेवल्यावानी दिसन."

"मग?"

"मग काय, मसाला जमवतो." तो तपकिरी रंगाची चिमूट, मग आणखी अर्धी चिमूट घालून नमुने करत राहिला. तिसऱ्या खेपेचा नमुना मी काकांच्या हिरडीला लावून पाहिला तेव्हा कुठे जमलं.

पट्टी बसवल्यावर ओठ वर केला तरी शिवण दिसेना. मी त्यांना एक वाक्य म्हणायला दिलं, मुद्दाम: "सासूने सकाळी सात संत्री सोलली."

त्यांनी ते म्हटलं. एकदा, दोनदा, मग वर्गात म्हणावं तसं खणखणीत. शिट्टी नाही, थुंकी नाही. डोळे भरून आले त्यांचे. मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहून म्हणाले, "वाक्य छान निवडलं."

मी सूचना दिल्या: रात्री काढायची, धुवायची, जेवताना काढायची, फटी रोज लहान ब्रशने साफ करायच्या, दर तीन महिन्यांनी यायचं, पट्टी चोवीस तास ठेवली तर तिच्याखाली घाण साठून हिरडी पुन्हा सुजेल. "म्हणजे खाताना खोटं चालत नाही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते तिघं आमच्या घरी आले. रीतसर, मुलगी पाहायला. कोऱ्या धोतरातले माझे पेशंट दारात मला म्हणाले, "नमस्कार. शिक्षण काय?"

"दातांची डॉक्टर," मी म्हणाले.

"असं, असं." दोन्ही 'स' धुतल्यासारखे.

माझ्या आईने संत्र्याच्या बर्फीची बशी त्यांच्यापुढे धरली. आमच्याकडे मुलाच्या बापाने मुलीच्या घरी तोंड गोड केलं की होकार. बोलणी, देणंघेणं, सगळं त्यानंतर. नुसता चहा पिऊन उठला तर निरोपाची वाट पाहायची गरज नाही. सगळ्यांचे डोळे बशीवर. काकांनी बर्फीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"घ्या ना," आई म्हणाली. तिचा आवाज जरा बसला.

मुलाचा चेहरा पांढराफटक. त्याच्या आईने नवऱ्याला कोपर मारलं. ते तसेच. मला माहीत होतं पट्टी आत आहे. पण त्यामुळेच थांबलेत की दुसऱ्या कशामुळे, ते मला खरंच कळत नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. आयुष्यात तेवढी कोणत्या परीक्षेत वाटली नाही.

"मुलीला एक विचारायचं आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी कोण ते तुला कळलं होतं?"

त्यांच्या बायकोने "कुठला पहिला दिवस?" म्हटलं. त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"हो," मी म्हणाले. "तुमच्या दातावरून."

"मग फटींचं सांगितलं का नाहीस? राहून गेलं म्हणू नकोस."

"तुम्ही उठून जाल आणि नाही म्हणाल, म्हणून. मला तुमचा मुलगा हवा होता."

माझ्या आईने बशी टेबलावर ठेवली.

"तुझ्या सरांपुढे मी तुला वाचवलं," ते म्हणाले. "मला पाहायचं होतं, तू लगेच खरं बोलतेस का. तू गप्प बसलीस."

"हो. दुसऱ्या दिवशी सांगितलं. महिनाभर त्यांनी नवा पेशंट माझ्या हाती दिला नाही. आणखी चार दिवस उरलेत."

ते माझ्याकडे पाहत राहिले. गुण कापायचे की द्यायचे ते ठरवत असताना मुलांकडे पाहत असतील तसे. मग म्हणाले, "मी तरी कुठे सावनेरचा होतो!"

आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाला लावला, अंगठ्याने वरचा ओठ सारून पट्टी काढली आणि रुमालात गुंडाळली. त्यांची बायको किंचाळली, "अगं बाई, अहो, दात पडले!"

"दात नाही वं, हिरडी," ते म्हणाले. बर्फीचा मोठा तुकडा उचलला, सगळ्यांदेखत तोंडात टाकला, आणि पाचही फटी उघड्या टाकून, शिट्टीसकट म्हणाले, "सून पसंत आहे."

बर्फीचा एक कण उडून माझ्या साडीवर पडला. मी तो झटकला नाही.